नाइट लागली आणि स्वप्नं सुरू झाली

"काय गं, कशी आहेस? एवढं सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहवत नाही, म्हणून मेल करतेय. तुला माहीतच आहे, इतकी वर्षं ओपीडीत मॉर्निंग करत होते. पावणेपाचचा गजर, साडेपाचची लोकल, दुपारी घरी. आता पोरगी मोठी झाली म्हणून इन्चार्ज सिस्टरांनी मला आयसीयूत टाकलं आणि नाइट लावली. रात्री आठ ते सकाळी आठ. कामाचं काही नाही गं, ते जमतंय. पण स्वप्नांनी जीव खाल्लाय.

मला कधी स्वप्नं पडायची नाहीत. आता रोज पिक्चर! परवा आमच्या गावच्या घराच्या ओसरीवर आयसीयूचे सगळे बेड मांडले होते आणि आजी, जाऊन वीस वर्षं झालेली आजी, मला म्हणते, सिस्टर, माझं बीपी घ्या. काल सलाइन संपतच नव्हतं. मी बाटली बदलायला जाते आणि ती पुन्हा भरते, मागे पंपाचा अलार्म वाजतोय आणि बंद करायचं बटण सापडत नाही. जाग आली तर शेजारचा कुकर शिट्ट्या देत होता. रंग, आवाज, स्पिरिटचा वास, सगळं खरं. सुट्टीच्या रात्री तर कहरच. म्हटलं एक रात्र शांत झोपू, तर पहाटेपासून सकाळपर्यंत तीन-तीन स्वप्नं.

सासूबाई म्हणतात, दिवसा झोपलं की असंच होतं. मावशी म्हणतात, आयसीयूत माणसं जातात, कुणाची तरी सावली पडली असेल. मला सांग, डोक्यावर परिणाम तर होत नाहीये ना?"

हा मेल तिच्या परवानगीने इथे दिला आहे. ओळख पटेल असं सगळं गाळून. आम्ही नर्सिंगला एकत्र होतो. ती वॉर्डात राहिली, मी शरीरक्रियाशास्त्र शिकवायला लागले. तिला दिलेलं उत्तर लांबलं आणि मग वाटलं, रात्रपाळी करणारे पोलीस, कॉल सेंटरवाले, कारखान्यातले कामगार यांनाही हाच प्रश्न पडत असणार.

सर्वांत आधी, तिची स्वप्नं वाढली असं ती म्हणते ते बहुतेक चूक आहे. निदान दिवसाच्या झोपेपुरतं तरी. स्वप्नं तिला मॉर्निंग ड्यूटीच्या वर्षांतही पडत होती, रोज पडत होती. ती तिच्या हाती लागत नव्हती, आता लागतात. सुट्टीच्या रात्रीची गोष्ट मात्र वेगळी आहे. तिथे स्वप्नं खरोखरच वाढतात. या दोन गोष्टी वेगळ्या केल्या की तिच्या कोड्यातलं बरंचसं सुटतं.

झोप ही एकसारखी सलग गोष्ट नाही, हे आपल्याला कळून फार काळ झालेला नाही. शिकागो विद्यापीठात यूजीन असेरिन्स्की नावाच्या विद्यार्थ्याने आपल्याच लहान मुलाच्या डोक्याला आणि डोळ्यांजवळ तारा लावून त्याला यंत्रापाशी झोपवलं. रात्रीतून काही वेळा कागदावरच्या रेघा अशा धावू लागत की मुलगा जागाच आहे असं वाटावं. जाऊन पाहावं तर तो गाढ झोपलेला, पण मिटलेल्या पापण्यांखाली बुबुळं भराभर फिरताहेत. १९५३ मध्ये त्याने आपले मार्गदर्शक नथॅनियल क्लाइटमन यांच्यासह हे प्रसिद्ध केलं. या झोपेला रेम झोप म्हणतात. पुढे १९५७ मध्ये क्लाइटमन आणि विल्यम डिमेंट यांनी झोपलेल्या माणसांना मुद्दाम वेगवेगळ्या वेळी उठवून विचारलं, आत्ता स्वप्न पडत होतं का? रेम झोपेतून उठवलं तेव्हा १०० पैकी ८० वेळा हो असं उत्तर आलं. इतर झोपेतून उठवलं तेव्हा १०० पैकी जेमतेम ७ वेळा. नंतरच्या संशोधकांनी प्रश्न जरा वेगळ्या रीतीने विचारले, तेव्हा इतर झोपेतही मनात काही ना काही चालू असतं असं दिसलं. पण रंगीत, लांबलचक, गोष्टीसारखी स्वप्नं प्रामुख्याने रेमचीच.

आता रात्रीचा हिशेब पाहा. झोपेची एक फेरी साधारण दीड तासाची. पहिल्या एक-दोन फेऱ्यांत गाढ झोप भरपूर आणि रेम जेमतेम काही मिनिटांची. रात्र सरत जाते तशी गाढ झोप आटत जाते आणि रेमचा वाटा वाढत जातो. शेवटच्या फेरीत ती अर्ध्या तासापर्यंतही चालते. म्हणजे पहाटे पाच ते सातची झोप ही रात्री अकरा ते एकच्या झोपेइतकीच दोन तासांची असली, तरी आतला माल निराळा. पहाटेची स्वप्नं खरी होतात असं आपल्याकडे म्हणतात. ती खरी होतात की नाही ते सोडा, पण पहाटेची स्वप्नं जास्त पडतात आणि लगेच जाग येत असल्याने लक्षातही राहतात, एवढं निरीक्षण त्या समजुतीमागे नक्की आहे.

पहाटेच असं का, याला दोन कारणं आहेत. एक म्हणजे तोवर गाढ झोपेची भूक भागलेली असते. दुसरं कारण मेंदूतल्या घड्याळाचं. शरीराचं तापमान दिवसभरात थोडं चढतं-उतरतं आणि बहुतेकांचं ते पहाटे तीन ते पाचच्या सुमारास सर्वांत खाली असतं. ते तिथून वर चढू लागलं की रेम झोपेला अनुकूल काळ सुरू होतो आणि तो सकाळभर राहतो. या घड्याळाला तुम्ही पलंगावर आहात की वॉर्डात, याच्याशी कर्तव्य नसतं. माझी मैत्रीण पहाटे पाचला आर्टेरियल लाइन तपासत उभी असते, तेव्हाही तिच्या शरीराने स्वप्नांची वेळ उघडलेली असते. फक्त झोपच हजर नसते.

तिला मी सांगितलं, वही घे आणि दोन आठवडे नोंद कर. कधी पडलीस, कधी जाग आली, कशाने आली, स्वप्न आठवलं का. बाकी काही नको, स्वप्नांचा अर्थ तर मुळीच नको. तिने लिहिलेल्या तिसऱ्या नाइटनंतरचा दिवस असा होता. हँडओव्हर देऊन साडेनऊला घरी. सव्वादहाला झोपली. साडेअकराला कुरिअरवाल्याने बेल वाजवली. उठली, भिंतीला धरत दारापर्यंत गेली, सही कुठे करायची तेच कळेना. स्वप्न काही नाही. परत झोपली. एक वाजून दहा मिनिटांनी कुकरची शिट्टी आणि ते सलाइनचं स्वप्न. पडूनच राहिली, पुन्हा डोळा लागला. अडीचला मुलगी शाळेतून आली आणि आणखी एक स्वप्न अर्ध्यावर तुटलं. मग झोप नाही ती नाहीच.

ही नोंद वाचायला शिकलं की सगळं दिसतं. सव्वादहाला ती झोपली तेव्हा वीसेक तास जागी होती. एवढ्या जागरणानंतर शरीर आधी गाढ झोप वसूल करतं, घड्याळ काहीही म्हणो. म्हणून सव्वा तासाने बेल वाजली तेव्हा ती गाढ झोपेतून उठली आणि तिला सही कुठे करायची ते सुचेना. अशा जागेत स्वप्न हाती लागत नाही, गुंगी लागते. पहिली मोठी वसुली झाल्यावर, साडेबारा-एकच्या सुमारास, रेमची पाळी आली. त्याच वेळी दुसरी एक गोष्ट घडत होती. घड्याळाच्या हिशेबाने ही भर दुपार. तापमान चढतंय, शरीर जागं राहण्याची तयारी करतंय, त्यामुळे झोप वरवरची. बाहेर भोंगे, भाजीवाला, कुकर. रात्री तीन वाजता अशी रेम चालू असती तर ती संपून माणूस पुढच्या झोपेत घसरला असता आणि सकाळी काहीच आठवलं नसतं. दुपारी एकला मात्र शिट्टीने ती नेमकी मध्येच कापली गेली.

स्वप्नाची आठवण फार नाजूक असते. रेम झोप संपून काही मिनिटं गेली की ती विरते. रेममध्ये मेंदूतलं नॉरअ‍ॅड्रिनॅलिन हे रसायन जवळजवळ बंद झालेलं असतं, आणि अनुभव पक्का नोंदवायला ते लागतं. म्हणून स्वप्न टिकतं ते स्वप्नातून थेट जाग आली तरच, आणि त्यानंतर क्षणभर स्वस्थ पडून राहिलं तरच. ओपीडीच्या वर्षांत पावणेपाचच्या गजराने ती रेममधूनच उठत असण्याची शक्यता भरपूर आहे. पण उठल्याबरोबर दूध, डबा, लोकल. स्वप्नाकडे बघायला तिला वेळच नव्हता. आता दुपारी एकला कुठे धावायचं नसतं.

आणखी एक गंमत म्हणजे दिवसाच्या झोपेत तिची एकूण रेम वाढलेली नाही, बहुधा कमीच झाली आहे. रात्रपाळीवाल्यांची दिवसाची झोप रात्रीच्या झोपेपेक्षा एक ते चार तासांनी आखूड असते. ती शेवटाकडून कापली जाते आणि शेवटी रेमच असते. मेंदूकडे या थकबाकीची नोंद राहते. १९६० मध्ये डिमेंट यांनी काही तरुणांना रेम सुरू झाली रे झाली की उठवायचं, असं सलग काही रात्री केलं. दर रात्री त्यांना जास्त वेळा उठवावं लागू लागलं, कारण मेंदू पुन्हा पुन्हा रेमकडे धाव घेत होता. मग निर्वेध झोपू दिलं तेव्हा रेमचा वाटा नेहमीपेक्षा बराच वाढला. सुट्टीच्या रात्री माझ्या मैत्रिणीचं हेच होतं. रात्री दहाला झोपते, गजर नाही, सकाळी साडेसातपर्यंत पलंगावर. गाढ झोपेचं देणं मध्यरात्रीपर्यंत फिटतं आणि मग पहाट ते सकाळ हा रेमचा सगळा हंगाम तिला पहिल्यांदाच पुरा मिळतो, वर मागची थकबाकी. साडेचार, सहा, साडेसात अशा तिच्या वहीतल्या तीन जागा, आणि तिन्हींच्या पुढे स्वप्न. मध्ये दीड-दीड तासाचं अंतर आहे, हे तिच्या लक्षात आलं नव्हतं.

"डोक्यावर परिणाम" हा तिचा प्रश्न काही नवा नाही. स्वप्नं अडवली तर माणूस बिघडेल, अशी धास्ती डिमेंट यांच्या त्या प्रयोगानेही काही काळ पसरवली होती. त्या तरुणांत चिडचिड आणि अस्वस्थता दिसल्याचं त्यांनी नोंदवलं होतं. पुढच्या प्रयोगांत मानसिक बिघाडाची भीती काही खरी ठरली नाही. परतून आलेली रेम हे बिघाडाचं लक्षण नव्हे, शरीराचा हिशेब शाबूत असल्याचं लक्षण आहे.

मग स्वप्नात आयसीयूच का? मनी वसे ते स्वप्नी दिसे, याहून फार वेगळं उत्तर माझ्यापाशी नाही. नवा विभाग, नवी यंत्रं, चुकलं तर काय ही भीती. रेममध्ये भावनांशी संबंधित भाग जोरात चालतात आणि तर्क करणारा पुढचा भाग मंदावलेला असतो. म्हणून ओसरीवर व्हेंटिलेटर आला तरी तिथे कुणी हरकत घेत नाही. कुकरची शिट्टी पंपाचा अलार्म होते ती अशी, बाहेरचा आवाज चालू गोष्टीत सामावला जातो. सावलीबिवलीची गरज पडत नाही. मावशींना मी हे सांगायला जाणार नाही, त्यांनी माझ्यापेक्षा जास्त मृत्यू पाहिलेत.

एका गोष्टीबद्दल मात्र तिने पुढच्या मेलमध्ये घाबरून लिहिलं. जाग आली, खोली दिसतेय, पण हात हलत नाही, आवाज फुटत नाही आणि छातीवर कुणीतरी बसलंय. याचा संबंधही रेमशीच आहे. रेममध्ये मेंदू हातापायांचे स्नायू ढिले करून ठेवतो, नाहीतर आपण स्वप्नात धावता धावता पलंगावरून पडलो असतो. कधी कधी जाग आधी येते आणि स्नायूंची सुटका मागाहून होते. मधली काही सेकंदं किंवा एखाद-दोन मिनिटं फार भयंकर वाटतात, पण श्वास चालू असतो आणि ते आपोआप संपतं. अपुरी आणि वेळीअवेळी झोप घेणाऱ्यांत हे जास्त आढळतं, उताणं झोपल्यावर जास्त. कुशीवर झोप, एवढंच मी तिला सांगितलं.

उपायांचं म्हणाल तर स्वप्नं थांबवायची नाहीतच, झोप कमी तुटेल असं बघायचं. सकाळच्या उन्हाने शरीराचं घड्याळ दिवसावरच पक्कं होतं, म्हणून घरी येताना लोकलमध्ये काळा चष्मा. स्वतः गाडी चालवत असाल तर चष्मा नको, आणि नाइटनंतर डोळे मिटत असतील तर गाडीही नको. ती शेवटचा चहा पहाटे पाचला घ्यायची. चहा-कॉफीतलं कॅफीन निम्मं व्हायला पाचेक तास लागतात, म्हणजे ती झोपायला जाते तेव्हा अर्धा चहा अजून रक्तात. आता शेवटचा चहा दोनला. खिडकीला जाड चादर, कानात बोळे, आणि कुरिअर खालच्या दुकानात ठेवायला सांगितलं. ड्यूटीवर जाण्याआधी दुपारी चारच्या सुमारास तास-दीड तास आणखी झोप. यातल्या कशाने घड्याळ उलटं होत नाही. चार-पाच नाइट करून परत दिवसावर यायचं असेल तर ते तसं होऊही नये.

काही बाबतींत मात्र वहीवर भागत नाही, डॉक्टरांकडे जायला हवं. झोपेत खरोखर हातपाय झाडणं, शेजारच्याला लागणं. म्हणजे स्नायू ढिले व्हायला हवेत ते होत नाहीत. वॉर्डात खरोखर घडलेला एखादा वाईट प्रसंग जसाच्या तसा पुन्हा पुन्हा दिसणं. पुरेशी झोप होऊनही दिवसा बोलता बोलता डोळा लागणं, किंवा हसताना गुडघे एकदम लटके पडणं. औषधंही पाहावीत. प्रोप्रॅनोलॉलसारख्या रक्तदाबाच्या गोळ्यांनी काहींना ठळक स्वप्नं पडतात. नैराश्यावरच्या बऱ्याच गोळ्या रेम दाबतात, त्या एकदम सोडल्या की रेम उसळून येते. दारूचंही तसंच, पहिली अर्धी रात्र रेम दबते आणि पहाटे उसळते. माझ्या मैत्रिणीच्या बाबतीत यातलं काही नव्हतं. ड्यूटी बदलली त्या आठवड्यात स्वप्नं सुरू झाली आणि सलग झोप मिळाली त्या दिवशी कमी आठवली, हाच तिच्या निदानाचा पुरावा.

राहता राहिला ड्यूटी चार्ट. माणसाच्या शरीराचं घड्याळ सरासरी २४ तासांपेक्षा किंचित लांब, साधारण २४ तास १० मिनिटांचं असतं, हे हार्वर्डमधल्या चार्ल्स झाइस्लर यांच्या गटाने १९९९ मध्ये मोजून दाखवलं. म्हणून झोप पुढे ढकलणं अलीकडे ओढण्यापेक्षा सोपं जातं. मॉर्निंग, मग इव्हिनिंग, मग नाइट हा क्रम शरीराला झेपतो. नाइटनंतर इव्हिनिंग आणि मग मॉर्निंग हा उलटा क्रम जड जातो. चार्ट लिहिणाऱ्या इन्चार्ज सिस्टरांना माझी एवढीच विनंती आहे की पाळ्या पुढच्या दिशेने फिरवा आणि शेवटच्या नाइटनंतर लगेच मॉर्निंग लावू नका. आणि तुमच्या ओळखीत कुणी नाइट करत असेल, तर त्यांना दुपारी दोनच्या आत फोन करू नका.